सातव्या वर्षी चाळिशी

डोळ्यांच्या दवाखान्यातल्या केसपेपरवर एक वाक्य फार सहज लिहिलं जातं : ‘पेशंट सहकार्य करत नाही.’ समोर सहा मीटरवर अक्षरांचा तक्ता असतो. मूल अक्षरं वाचत नाही, विचारलेल्याला उत्तर देत नाही, डोळ्यांत उजेड टाकला की मान फिरवतं. बाहेर पन्नास पेशंट खोळंबलेले असतात. मग हे वाक्य लिहिलं जातं आणि ‘थोडी मोठी झाली की आणा’ असं सांगून तपासणी संपवली जाते. डाऊन सिंड्रोम असलेल्या मुलांच्या बाबतीत हे पुन्हा पुन्हा घडतं. ज्या मुलांच्या डोळ्यांत दोष असण्याची शक्यता सगळ्यांत जास्त, त्यांचीच तपासणी अर्ध्यावर राहते.

डाऊन सिंड्रोममध्ये पेशींत एकविसाव्या गुणसूत्राची दोनऐवजी तीन प्रती असतात. इंग्लंडमधले डॉक्टर जॉन लँग्डन डाऊन यांनी १८६६ साली या मुलांचं वर्णन केलं. गुणसूत्राचं कारण १९५९ मध्ये फ्रान्समधून जेरोम लेज्युन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जगासमोर ठेवलं. साधारण ७०० ते १००० जन्मांत एक बाळ असं असतं. त्यांच्या हृदयाची तपासणी आता बहुतेक ठिकाणी वेळेवर होते, थायरॉईडचीही होऊ लागली आहे. डोळे मात्र मागे राहतात. यातल्या निम्म्याहून अधिक मुलांना चष्म्याची गरज असते. साधारण चौथ्या हिश्श्यापासून ते जवळजवळ निम्म्या मुलांपर्यंत तिरळेपणा आढळतो. वयात येताना काहींच्या डोळ्यांचा पुढचा पारदर्शक पडदा पातळ होऊन शंकूसारखा पुढे येतो. हे तिन्ही दोष वेगवेगळ्या वयात डोकं वर काढतात, म्हणून एकदा तपासून ‘डोळे चांगले आहेत’ असा दाखला घेतला तरी तो फार काळ पुरत नाही.

हे सगळं एका मुलीच्या वाटेनं पाहू. तिला छकुली म्हणू. ती कुणी एक मुलगी नाही. दवाखान्यांत नेहमी दिसणाऱ्या गोष्टी जुळवून उभा केलेला हा नमुना आहे. घर साताऱ्याजवळच्या एका गावात, वडील दुधाची गाडी चालवतात, आई घर आणि गोठा सांभाळते, आणि घरात आजी आहे.

छकुली जन्मली त्याच आठवड्यात बालरोगतज्ज्ञांनी खोलीतला दिवा मालवून, हातभर अंतरावरून तिच्या दोन्ही डोळ्यांत ऑप्थॅल्मोस्कोपचा प्रकाश टाकून पाहिला. निरोगी डोळ्यातून तांबूस चमक परत येते. ती काळवंडलेली किंवा पांढरी दिसली, किंवा दोन डोळ्यांत वेगळी दिसली, तर आत जन्मजात मोतीबिंदू असू शकतो. डाऊन सिंड्रोमच्या बाळांत तो इतर बाळांपेक्षा कितीतरी जास्त आढळतो. दाट मोतीबिंदू असेल तर शस्त्रक्रिया पहिल्या दीड-दोन महिन्यांत व्हायला हवी, कारण त्या दिवसांत मेंदू बघायला शिकत असतो आणि गेलेले दिवस नंतर भरून निघत नाहीत. छकुलीची चमक दोन्ही डोळ्यांत सारखी होती. डोळे मात्र सतत पाणावलेले असायचे, कारण अश्रू नाकात वाहून नेणारी नळी अरुंद होती. या मुलांत तेही नेहमीचंच.

दहाव्या महिन्यात शेजारणीनं पहिल्यांदा म्हटलं, “हिचे डोळे तिरळे वाटतात का गं?” नाकाच्या बाजूला डोळ्याच्या कोपऱ्यावर त्वचेची घडी असली आणि नाकाचा पूल बसका असला, की आतल्या बाजूचं पांढरं झाकलं जातं आणि सरळ डोळाही आत वळल्यासारखा दिसतो. हा नुसता भास असतो. तो ओळखायची रीत सोपी आहे. बाळ समोर पाहत असताना हातभर अंतरावर बारीक टॉर्च धरायचा आणि त्याचा चमकता ठिपका दोन्ही बुबुळांवर कुठे पडतो ते पाहायचं. दोन्हीकडे ठिपका बाहुलीच्या मध्यावर असेल तर डोळे त्या क्षणी सरळ आहेत. एकीकडे मध्यावर आणि दुसरीकडे बाहेरच्या कडेकडे सरकलेला असेल तर तो डोळा खरंच आत वळला आहे. छकुलीचे ठिपके जागेवर होते. घरी घेतलेली ही परीक्षा शंका घेण्यापुरती कामाची, निर्धास्त होण्यापुरती नव्हे. अधूनमधून येणारा तिरळेपणा अशा वेळी हमखास लपतो.

छकुलीचा खरा तिरळेपणा अडीचाव्या वर्षी आला. जवळची बाहुली बघताना उजवा डोळा आत जायचा, दमली की जास्तच. आजी म्हणाली, “मोठी झाली की सरळ होतात डोळे. आमच्या धाकट्याचे नाही का झाले?” आजीचा धाकटा बहुधा भासाचाच धनी असावा, नाकाचा पूल वर आला की तो भास जातो. खरा तिरळेपणा आपोआप सरळ होईल म्हणून वाट पाहण्यात उजव्या डोळ्याचं नुकसान होतं. आत वळलेल्या डोळ्याकडून येणारं चित्र मेंदू बाजूला टाकू लागतो आणि तो डोळा आळशी होतो.

तालुक्याच्या ठिकाणी बाहुली मोठी करणारे थेंब घालून तपासणी झाली. हे थेंब दोन कामं करतात : बाहुली मोठी होते आणि डोळ्याची जवळ बघायची धडपड काही तास थांबते. त्यामुळे लपलेला नंबर उघडा पडतो आणि मुलानं एक शब्दही बोलायची गरज उरत नाही. डॉक्टर रेटिनोस्कोप नावाच्या यंत्रानं डोळ्यात प्रकाशाची पट्टी फिरवतात, आतून परतणारा उजेड कसा सरकतो ते पाहतात आणि पुढे भिंगं धरून नंबर काढतात. अशा मुलाला हृदयाचा त्रास असेल किंवा त्याची शस्त्रक्रिया झाली असेल तर थेंब घालण्याआधी ते सांगितलेलं बरं.

दोन्ही डोळ्यांचा नंबर निघाला प्लस चार. उजव्या डोळ्याला शिवाय दीडचा सिलिंड्रिकल नंबर होता.

प्लस नंबर म्हणजे ‘लांबचं दिसतं, जवळचं दिसत नाही’ असं सरसकट सांगितलं जातं, पण लहान मुलात गोष्ट थोडी वेगळी असते. बहुतेक बाळं थोडा प्लस नंबर घेऊनच जन्मतात. पहिल्या एक-दोन वर्षांत डोळा वाढतो आणि हा नंबर आपोआप उतरत जातो. डाऊन सिंड्रोमच्या अनेक मुलांत ही उतरण होतच नाही. नंबर तिथेच राहतो किंवा वाढतो. प्लस नंबरचा डोळा स्पष्ट बघण्यासाठी आतलं भिंग फुगवत राहतो, आणि भिंग फुगवण्याच्या त्या कष्टाला दोन्ही डोळे आत वळवण्याची कृती मेंदूत जोडलेली असते. छकुलीचा उजवा डोळा त्या ओढीनं आत जात होता. चष्म्यानं कष्ट कमी झाले की डोळा बराचसा सरळ होतो. छकुलीचा झाला. थोडा तिरळेपणा चष्म्यातूनही राहिला, आणि उजवा डोळा आळशी झाला होताच. त्यासाठी रोज दोन तास डाव्या डोळ्यावर पट्टी लागली. पहिला आठवडा घरात रडारड होती. मग आईनं पट्टीची वेळ वडील दुधाच्या फेरीहून परतण्याच्या वेळेशी जोडली, कारण त्या वेळी छकुलीला गाडीत पुढे बसायला मिळायचं.

चष्म्याचंही तसंच. नाक बसकं असल्यानं साधी फ्रेम घसरते आणि मूल काचेच्या वरून बघू लागतं. मऊ नोजपॅड, कानामागे गोल वळणारी काडी किंवा मागून बांधायचा इलॅस्टिक पट्टा यातलं काही तरी लागतंच. ‘ती चष्मा ठेवतच नाही’ अशी तक्रार आली की आधी फ्रेम बघावी, मुलीचा हट्ट नंतर.

काही मुलांना तिरळेपणाची शस्त्रक्रिया लागते आणि ती होतेही. मात्र डाऊन सिंड्रोममध्ये मानेचे वरचे दोन मणके सैल असू शकतात आणि सुमारे निम्म्या मुलांच्या हृदयात जन्मतः दोष असतो. त्यामुळे भूल देणाऱ्या डॉक्टरांना या दोन्ही गोष्टी आधी कळायला हव्यात.

आता या मुलांच्या डोळ्यांबद्दल सगळ्यांत कमी ठाऊक असलेली गोष्ट. छकुली सातव्या वर्षी शाळेत बसू लागली. चष्मा वेळेवर लागलेला, पट्टी झालेली, फळ्याकडे बघून टाळ्या वाजवायची. वही समोर आली की मात्र डोकं बाकावर टेकायची. बाईंनी आईला सांगितलं, “लिहायचा तिला फार कंटाळा आहे हो. आणि तिच्याकडून किती अपेक्षा करायची, नाही का?” बाईंच्या बोलण्यात माया होती, आणि चूकही त्या मायेतच दडलेली होती.

वही साधारण २५ सेंटिमीटरवर असते. डोळ्याला लागणारी ताकद डायॉप्टरमध्ये मोजतात आणि तिचा हिशेब सोपा आहे : एक मीटरवरच्या वस्तूसाठी एक डायॉप्टर, अर्ध्या मीटरसाठी दोन, पाव मीटरसाठी चार. म्हणजे वहीवरचं अक्षर स्पष्ट दिसायला डोळ्यातल्या भिंगानं चार डायॉप्टरनं फुगायला हवं. सात वर्षांच्या इतर मुलाकडे दहाहून जास्त डायॉप्टरची ताकद असते. त्याला चार म्हणजे काहीच नाही. छकुलीचा प्लस चार तर चष्म्यानं भरून काढलेला होता. मग वही का दिसेना?

याचं उत्तर वेल्समधल्या कार्डिफ विद्यापीठात मिळालं. मॅगी वुडहाऊस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९२ पासून डाऊन सिंड्रोमच्या मुलांचा एक मोठा गट वर्षानुवर्षं तपासला. त्यांना दिसलं, की यातली साधारण तीन चतुर्थांश मुलं जवळच्या वस्तूवर डोळा नेमका लावूच शकत नाहीत. चष्म्याचा नंबर अचूक असला तरीही. चाळिशीत माणसाच्या डोळ्यातलं भिंग ताठ होतं आणि पेपर लांब धरावा लागतो. या मुलांचं भिंग वयानुसार मऊच असतं, तरी ते पुरेसं फुगवलं जात नाही. कारण वेगळं, पण वही समोर धरल्यावर होणारी पंचाईत चाळिशीतल्या माणसासारखीच. फरक एवढाच की चाळिशीतला माणूस ‘अक्षरं पुसट दिसतात’ म्हणून सांगतो. छकुलीनं स्पष्ट अक्षर कधी पाहिलेलंच नव्हतं, तर ती काय सांगणार?

हे तपासायला पाच मिनिटं पुरतात, फक्त तपासायचं आहे हे लक्षात असावं लागतं. थेंब न घालता, चष्मा लावलेला असताना, मुलासमोर २५ सेंटिमीटरवर एक छोटं चित्र धरायचं. मूल चित्रातलं मांजर बघत असताना तपासणारा रेटिनोस्कोप घेऊन पुढे-मागे सरकतो आणि डोळा प्रत्यक्षात किती अंतरावर लागला आहे ती जागा शोधतो. छकुलीची जागा सापडली ५० सेंटिमीटरवर. म्हणजे लागणार होते चार डायॉप्टर आणि तिचा डोळा लावत होता दोन. इतर मुलांतही थोडी तूट असते, पण ती एका डायॉप्टरच्या आतच. दोनची तूट म्हणजे वहीवरची प्रत्येक ओळ धुकट. इथे दोन सावधगिऱ्या. थेंब घातल्यावर ही परीक्षा होऊच शकत नाही, कारण थेंब नेमकी हीच ताकद थांबवतात. म्हणून ती आधी करायची. आणि अक्षरांचा लांबचा तक्ता कितीही नीट वाचला तरी या दोषाचा पत्ता लागत नाही.

उपाय बायफोकल. वरच्या भागात लांबचा नंबर, खालच्या भागात अडीच डायॉप्टरची जादा भर. सात वर्षांच्या मुलीला बायफोकल म्हटल्यावर चष्म्याच्या दुकानात दोनदा विचारलं गेलं, की चिठ्ठी चुकून आजीची तर नाही ना आली. खरी चूक मात्र पुढेच होण्यासारखी होती. मोठ्या माणसाच्या बायफोकलची रेघ खालच्या पापणीच्या कडेला ठेवतात, कारण त्याला वाचताना नजर खाली टाकायची सवय असते. मूल तसं करत नाही. रेघ खाली असली तर ते वरच्याच काचेतून वही बघत राहतं आणि चष्मा निरुपयोगी ठरतो. मुलात रेघ थेट बाहुलीच्या मध्यावर हवी. चष्मेवाल्याचा हात सवयीनं ती खाली ओढतो, म्हणून चिठ्ठीवर ‘रेघ बाहुलीच्या मध्यावर’ असं लिहून घ्यावं आणि चष्मा मिळाल्यावर मुलाला समोर बसवून डोळ्यांनी खात्री करावी. फ्रेम घसरली तर रेघही घसरते. नोजपॅडचं महत्त्व इथे पुन्हा येतं.

कार्डिफच्या गटानं २००५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात बायफोकल वापरणाऱ्या मुलांचा डोळा जवळ जास्त अचूक लागू लागला. त्याहून नवलाची गोष्ट म्हणजे काही मुलं पुढे वरच्या साध्या काचेतूनही जवळचं नीट बघायला शिकली आणि त्यांचं बायफोकल सुटलं. एकदा स्पष्ट चित्र मिळाल्यावर डोळा त्याचा माग घ्यायला शिकतो, असं यातून दिसतं. छकुलीनं पहिल्या महिन्यात काही चमत्कार केला नाही. फक्त डोकं बाकावरून वर आलं. चार महिन्यांनी ती ‘क’ आणि ‘फ’ यांत फरक करू लागली, जो तिला त्याआधी दिसतच नव्हता.

एक मर्यादाही सांगायला हवी. अचूक चष्म्यानंतरही या मुलांची नजर बहुधा इतर मुलांइतकी तीक्ष्ण होत नाही, आणि फिकट रंगांतला फरक त्यांना कमी कळतो. म्हणून वर्गात काय करायचं ते साधं आहे. फिकट पेन्सिलऐवजी काळं स्केचपेन, वहीच्या ओळी ठळक, अक्षर मोठं आणि पानावर गर्दी कमी.

‘पण ती तक्त्यावरचं काही सांगतच नाही’ हा प्रश्न अजून उरतोच. न बोलणाऱ्या मुलाची नजर मोजण्याच्या रीती आहेत. कार्डिफ कार्डांवर राखाडी पृष्ठभागावर मासा, बदक, घर, गाडी, आगगाडी किंवा होडी यांपैकी एक चित्र वर नाहीतर खाली काढलेलं असतं. चित्राची रेघ कार्डागणिक बारीक होत जाते. नजरेच्या पलीकडे गेली की चित्र राखाडीत विरून जातं. मूल चित्राकडे डोळे वळवतं की नाही, एवढंच तपासणारा बघतो. थोड्या मोठ्या मुलांसाठी फिनलंडच्या लेआ ह्युव्हारिनेन यांनी तयार केलेली सफरचंद, घर, चौकोन आणि वर्तुळ ही चिन्हं आहेत. मुलानं हातातल्या कार्डावर तसंच चिन्ह दाखवायचं. ही चार चिन्हं कागदावर काढून घरी आठवडाभर जोड्या लावायचा खेळ खेळला, तर दवाखान्यातलं निम्मं काम आधीच होतं. वेळ सकाळची घ्यावी, जेवणाची किंवा झोपेची वेळ टाळावी. एका भेटीत सगळं जमलं नाही तर ‘सहकार्य नाही’ असं न लिहिता ‘जवळची नजर राहिली, दोन आठवड्यांनी’ असं लिहून घ्यावं.

दहा-बारा वर्षांपर्यंत गाडी रुळावर राहिली की घरच्यांना वाटतं, डोळ्यांचं काम संपलं. खरं तर केराटोकोनसचे दिवस तेव्हाच सुरू होतात. डोळ्याच्या पुढचा पारदर्शक पडदा, म्हणजे कॉर्निया, जाडीला जेमतेम अर्धा मिलिमीटर असतो. डाऊन सिंड्रोममध्ये तो बऱ्याचदा त्याहूनही पातळ असतो. केराटोकोनसमध्ये त्याचा मधला भाग आणखी पातळ होतो आणि डोळ्यातल्या दाबानं शंकूसारखा पुढे येतो. एरवी कमी जणांत दिसणारा हा आजार डाऊन सिंड्रोमच्या लोकांत कितीतरी जास्त आढळतो. काही पाहण्यांत दर शंभरांत पंधरापर्यंत. आपल्याकडे काळजीला आणखी एक कारण आहे. नागपूरजवळच्या खेड्यांत तीस वर्षांवरच्या सर्वसामान्य लोकांची डोळेतपासणी झाली, तिचे निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. कॉर्नियाच्या वक्रतेवरून मोजलं तर शंभरात २.३ जणांत केराटोकोनस दिसला. ऊन, धूळ आणि ॲलर्जीनं खाजणारे डोळे आपल्याकडे घरोघरी आहेत.

खाज हाच इथला मुख्य धागा. या मुलांच्या पापण्यांच्या कडा सुजलेल्या आणि कोंडा धरलेल्या असतात, डोळे पाणावतात, ॲलर्जी असते, आणि काहींना डोळा चोळण्यात एक प्रकारचा आराम वाटतो. छकुली तेराव्या वर्षी टीव्ही बघताना मुठीच्या हाडांनी उजवा डोळा दाबून, गोल गोल फिरवून चोळायची. असं चोळणं आणि कॉर्निया ढासळणं यांचं घट्ट नातं आहे. तिच्या उजव्या डोळ्याचा सिलिंड्रिकल नंबर दीडवरून अडीच झाला आणि पुढच्या आठ महिन्यांत सव्वातीन. दरवेळी नवा चष्मा मिळाला, पण नंबर इतका का बदलतो हे कुणी विचारलं नाही. वाढत्या वयात सिलिंड्रिकल नंबर असा भराभर चढत असेल, विशेषतः एकाच डोळ्याचा, तर चष्मा बदलण्याआधी कॉर्निया तपासायला हवा.

तिला कोल्हापूरला नेलं. रेटिनोस्कोपच्या प्रकाशात आतून येणारी चमक कात्रीच्या पात्यांसारखी उघडझाप करत होती. तिथेच शंका पक्की झाली. मग कॉर्नियाचा नकाशा काढायचा होता. त्यासाठी हनुवटी टेकवून दोन-चार सेकंद एका ठिपक्याकडे बघावं लागतं आणि ते छकुलीला तीनदा जमलं नाही. आई तिला घरी घेऊन आली. पंधरा दिवस रोज संध्याकाळी टेबलावर वह्यांचा ढीग, त्यावर हनुवटी, समोर मोबाईलचा दिवा आणि आईचं ‘एक-दोन-तीन-चार’. पुढच्या फेरीत नकाशा निघाला. उजव्या कॉर्नियाची सर्वांत पातळ जागा ४६० मायक्रॉन, डावी बरी.

ही जाडी महत्त्वाची असते. केराटोकोनसची वाढ थांबवणारा उपचार आहे, त्याचं नाव क्रॉसलिंकिंग. जर्मनीतल्या ड्रेस्डेनमध्ये तो विकसित झाला आणि रुग्णांवरचे पहिले निष्कर्ष २००३ मध्ये आले. कॉर्नियाची वरची नाजूक साय काढतात, अर्धा तास रायबोफ्लेविनचे, म्हणजे ब-२ जीवनसत्त्वाचे पिवळे थेंब घालत राहतात आणि मग ठरावीक अतिनील किरण सोडतात. मूळ पद्धतीत किरणांनाही अर्धा तास लागतो. आता कमी वेळाच्या पद्धतीही आहेत. कॉर्नियाच्या आतल्या धाग्यांत नवे सांधे बसतात आणि तो ताठ होतो. नेहमीच्या पद्धतीत साय काढल्यावर जाडी किमान ४०० मायक्रॉन असावी लागते, नाहीतर किरण आतल्या थराला इजा करू शकतात. म्हणजे उशीर झाला तर उपचाराचं दारच अरुंद होतं. क्रॉसलिंकिंगनं गेलेली नजर परत येते असं नाही. पुढची घसरण थांबते. छकुलीसारख्या मुलीला ते पूर्ण भूल देऊन करावं लागतं, आणि नंतरचे काही दिवस दुखतं, तेव्हा चोळू न देणं हीच खरी परीक्षा. झोपताना प्लॅस्टिकचं कवच, ॲलर्जीचे थेंब, पापण्यांना कोमट शेक आणि स्वच्छता, हात गुंतवायला चिकणमाती. हे सगळं त्या घरानं महिनाभर केलं.

वेळेत न कळलं तर काय होतं तेही सांगायला हवं. पातळ झालेल्या कॉर्नियाचा आतला थर अचानक फाटतो, डोळ्यातलं पाणी कॉर्नियात शिरतं आणि बुबुळावर एका दिवसात पांढरा डाग येतो. डोळा लाल, उजेड सोसवत नाही. डाऊन सिंड्रोममध्ये हा प्रकार जास्त घडतो आणि काही वेळा घरच्यांना केराटोकोनस हा शब्द तेव्हाच पहिल्यांदा ऐकू येतो. सूज उतरायला काही आठवडे ते महिने जातात आणि मागे डाग राहतो. मग कॉर्निया बदलण्याची वेळ आली, तर चोळण्याच्या सवयीमुळे ते रोपण टिकवणं अवघड असतं.

मग तपासण्या कधी कराव्यात? जन्मल्यावर घरी जाण्याआधी आणि पुन्हा दीड महिन्यानं तांबूस चमक. सहा महिन्यांच्या आत लहान मुलांच्या नेत्रतज्ज्ञांकडे एक भेट. वर्ष ते दीड वर्षाच्या दरम्यान थेंब घालून नंबर, आणि पाचव्या वर्षापर्यंत दरवर्षी. तिसऱ्या-चौथ्या वर्षापासून प्रत्येक भेटीत जवळची नजर वेगळी तपासून घ्यायची, आणि शाळेत जायच्या आधी तर नक्कीच. पाच ते दहा वर्षांत, सगळं ठीक असेल तर दोन वर्षांनी एकदा चालतं. चष्मा किंवा तिरळेपणा असेल तर वर्षाला. अमेरिकन बालरोग अकादमीच्या २०११ च्या मार्गदर्शिकेत तेरा ते एकवीस या वयात दर तीन वर्षांनी तपासणी सांगितली होती. ब्रिटनमधल्या डाऊन सिंड्रोमतज्ज्ञांची रीत दुसऱ्या वर्षी, चौथ्या वर्षी आणि मग जन्मभर दर दोन वर्षांनी अशी आहे. आपल्याकडचं केराटोकोनसचं प्रमाण बघता दहाव्या वर्षापासून पंचविशीपर्यंत दरवर्षी बोलवावं आणि त्यात कॉर्निया पाहावा, हेच शहाणपणाचं. सिलिंड्रिकल नंबर चढत असेल किंवा मूल डोळे चोळत असेल तर सहा महिन्यांनी. पुढे तिशीनंतर मोतीबिंदू इतरांपेक्षा लवकर येतो, तेव्हा तपासण्या थांबवायच्या नाहीत.

डाऊन सिंड्रोमबाहेरही हे वेळापत्रक बऱ्यापैकी लागू पडतं. फ्रॅजाइल एक्स, विल्यम्स, अँजेलमन आणि प्रेडर-विली या सिंड्रोममध्येही तिरळेपणा आणि चष्म्याचा नंबर यांचं प्रमाण जास्त असतं. केराटोकोनसचा भाग तेवढा मुख्यतः डाऊनचा.

खर्च आणि अंतर यांचं काय? २०१३ पासून चालू असलेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतची मुलं येतात, आणि डाऊन सिंड्रोम, जन्मजात मोतीबिंदू व दृष्टिदोष हे तिन्ही त्याच्या यादीत आहेत. पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा, शाळेत एकदा येतं आणि पुढे जिल्हा रुग्णालयातल्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवतं. तिथे जाताना ‘डोळे तपासा’ एवढं न म्हणता तीन गोष्टी नावानं मागाव्यात : थेंब घालून नंबर, जवळची नजर आणि दहा वर्षांपुढे कॉर्निया.

छकुली आता सोळाची आहे. क्रॉसलिंकिंगनंतरचे तीन नकाशे आईनं प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये ठेवले आहेत आणि तिन्हींतला लाल ठिपका तेवढाच आहे. चोळायची हुक्की अजून येते, आली की आजी लांबूनच ओरडते, “छकुले, हात खाली!” पुढची तारीख दिवाळीनंतरच्या सोमवारची, भिंतीवरच्या कॅलेंडरवर काळ्या स्केचपेननं मोठ्या अक्षरात लिहिलेली. ती छकुलीनंच लिहिली आहे.